दुकानात संत्रं, घरी कस्टर्ड: परफ्यूमचा पहिला फवारा आपल्याला कसा गंडवतो

गेल्या मे महिन्यात नागपुरात बर्डीवरच्या एका दुकानातून मी २८०० रुपयांचं परफ्यूम घेतलं. बाहेर ४४ डिग्री, आत गारेगार एसी, काउंटरवरच्या पोट्ट्याने "भैया, एक बार लगाके तो देखो" म्हणत मनगटावर एक फवारा मारला आणि खरं सांगतो, संत्र्याच्या सालीत नख घुसवल्यासारखा वास आला, ताजा, जरासा कडवट, डोकं एकदम मोकळं. मी अर्ध्या मिनिटात कार्ड काढून दिलं. मग बर्डीवरच दोन-तीन कामं केली, उन्हातून गाडीवर घरी आलो, जेवायला बसलो तर आई वाढता वाढता म्हणते, "काऊन रे, अंगावर कस्टर्ड सांडवलं का?"

मनगट नाकाशी नेलं तर तिचं बरोबर होतं. संत्र्याचा पत्ता नाही, नुसतं गोडमिट्ट व्हॅनिला. पहिला विचार हाच आला की डुप्लिकेट माल टिकवला आपल्याला. म्हणून उठलो, बाटली उघडली, दुसऱ्या हातावर मारलं, तर पुन्हा संत्रं! म्हणजे बाटली तीच, वास दोन, आणि दोन्ही एकाच वेळी माझ्या दोन मनगटांवर.

माल अस्सल होता आणि दुकानदाराने काही लपवलंही नव्हतं, खोक्याच्या मागे वर संत्रं-बर्गमॉट, मध्ये लॅव्हेंडर-जाई, खाली व्हॅनिला-अंबर-मस्क असं सरळ छापलेलं होतं. मी ते वाचलं नव्हतं, आणि वाचलं असतं तरी समजलं नसतं हा भाग वेगळा.

## नोट म्हणजे काय, आणि तीन थर कुठून आले

परफ्यूमवाले एखाद्या वासाच्या छटेला नोट म्हणतात. फवारल्याबरोबर येतो आणि साधारण पाच ते वीस मिनिटांत ओसरतो तो टॉप नोट. त्याच्या खालून वर येतो आणि दोन-चार तास राहतो तो हार्ट नोट, काहीजण मिडल म्हणतात. शेवटी कातडीला चिकटून संध्याकाळपर्यंत, कपड्यावर तर दुसऱ्या दिवशीपर्यंत राहतो तो बेस नोट. वास असा शेवटच्या टप्प्यात स्थिरावला की त्याला ड्रायडाऊन म्हणतात. एवढे चार शब्द पुरे, पुढे यांच्यावरच काम भागतं.

आता ऐकताना असं वाटतं की बाटलीत तीन कप्पे असतील आणि एकामागून एक उघडत असतील. तसं काही नाही. आत एकच पातळ द्रव आहे, त्यातला बराचसा भाग अल्कोहोल आणि त्यात विरघळलेले वासाचे पदार्थ, कधी वीस-तीस तर कधी शंभरच्या वर. फवारा पडला की सगळेच पदार्थ त्याच क्षणी उडायला लागतात. फरक फक्त वेगाचा. कोणी धावत सुटतो, कोणी रमतगमत निघतो, आणि कोणी उंबरठ्यावरच बसून असतो.

उडणं म्हणजे उकळणं नव्हे, हे एकदा डोक्यात बसलं की बाकी सोपं जातं. ओले कपडे गच्चीवर वाळतात तेव्हा पाणी काही शंभर डिग्रीला पोचलेलं नसतं, तरी ते उडतंच. कापराची वडी डबीत पडल्या पडल्या बारीक होत जाते. वास येतो याचा अर्थच हा की त्या वस्तूचे रेणू सुटून आपल्या नाकापर्यंत आले, आणि जे सुटून आले ते मागे उरले नाहीत. म्हणजे जो वास पहिल्या मिनिटात सगळ्यात जोरात येतोय तो त्याच जोरात संपतही चाललाय.

## नागपुरात हे तिन्ही नोट घरबसल्या मिळतात

संत्रं घ्या. सालीचा तुकडा मुडपून दाबला की बारीक फवारा उडतो, दिव्याच्या ज्योतीजवळ दाबला तर चटचट पेटतो, लहानपणी सगळ्यांनी केलेला उद्योग. त्या तेलात नव्वद टक्क्यांहून जास्त लिमोनिन नावाचा एकच पदार्थ असतो, आणि तो हलका, सुटा, कशालाही धरून न राहणारा. ही टॉप नोट. लिंबू, बर्गमॉट, ग्रेपफ्रूट सगळे याच कुळातले.

मोगऱ्याचा गजरा हार्ट नोटच्या जागी ठेवा. संध्याकाळी माळला तर लग्न उरकून घरी येईपर्यंत वास असतो, सकाळी उशीवर फुलं तपकिरी आणि वास कोमेजलेला. (उपमा पूर्ण बरोबर नाही, कारण उमललेलं फूल काही तास नवा वास बनवत राहतं आणि परफ्यूमला ती सोय नाही, पण वेळेचा अंदाज यायला चालतं.)

आणि बेस नोट म्हणजे वाळा. ज्यांच्या घरी कूलरला किंवा खिडकीला वाळ्याच्या ताट्या लागायच्या त्यांना सांगायची गरज नाही. एप्रिलमध्ये बांधलेली ताटी जून उजाडेपर्यंत पाणी मारलं की वास सोडते, आणि माळ्यावर टाकून दिलेली गेल्या वर्षीचीसुद्धा भिजवली की थोडाफार देतेच. वाळ्याच्या मुळातलं तेल घट्ट, चिकट आणि उडायला महा आळशी. परफ्यूममध्ये हेच तेल व्हेटिव्हर नावाने येतं, आणि व्हेटिव्हर हा शब्दच तमिळ वेट्टिवेरवरून गेलेला.

मी हे तिन्ही एकदा कागदावर करून पाहिले. संत्र्याची साल पट्टीवर दाबली, दुसऱ्या पट्टीला मोगऱ्याच्या अत्तराचा थेंब, तिसरीला वाळ्याच्या अत्तराचा, आणि तिन्ही पट्ट्या पुस्तकाच्या खाली अर्ध्या दाबून टेबलाच्या कडेला लटकवून ठेवल्या. पाऊण तासात संत्र्याची पट्टी म्हणजे नुसता कागद. मोगरा रात्रीपर्यंत ओळखू येत होता, दुसऱ्या दिवशी तिथे काहीतरी गोडसर होतं पण मोगरा म्हणवत नव्हता. वाळा आठवड्याने मी स्वतः कंटाळून फेकला, तो कंटाळला नव्हता.

हाच उद्योग विल्यम पाउचर नावाच्या ब्रिटिश परफ्यूमरने जरा जास्त चिकाटीने केला होता. त्याने तीनशेहून जास्त पदार्थ कागदाच्या पट्ट्यांवर लावून रोज हुंगले आणि १९५० च्या दशकात प्रत्येकाला १ ते १०० असा आकडा दिला, म्हणजे ढोबळमानाने पट्टीवर किती दिवस टिकतो तो. १ ते १४ टॉप, १५ ते ६० मिडल, ६१ ते १०० बेस. चंदन, पॅचौली, वाळा ही मंडळी शंभरात. हे दिवस निव्वळ पदार्थाचे आणि कागदावरचे आहेत, कातडीवरच्या पातळ फवाऱ्याचे तास यातून काढता येत नाहीत, पण कोण कोणाच्या पुढे जाणार तो क्रम मात्र कळतो.

## जड ते हळू उडतं, एवढंच ना?

बहुतेक ठिकाणी एवढंच सांगून सोडून देतात आणि ते अर्धवट आहे. लॅव्हेंडरमधला एक मुख्य पदार्थ लिनालूल आणि व्हॅनिलातला व्हॅनिलिन, या दोघांच्या रेणूचं वजन जवळपास सारखं आहे, १५४ आणि १५२. उलट व्हॅनिलिनच चिमूटभर हलका. तरी लिनालूल पातळ द्रव आहे आणि काही तासांत निघून जातो, व्हॅनिलिन मात्र पांढरी पूड असते आणि लिनालूलपेक्षा शेकडो पटीने हळू उडते. कारण वजनाइतकंच, कधी कधी वजनापेक्षा जास्त, महत्त्व रेणू एकमेकांचा हात किती घट्ट धरतात याला असतं. यात्रेतल्या गर्दीत एकटा माणूस सटकून पुढे जातो आणि हात धरून चाललेलं सात जणांचं कुटुंब मागे राहतं, त्यात सगळ्यांची वजनं सारखी असली तरी.

आणि दुसरी गोष्ट, किती उडतं यासोबतच आपलं नाक त्या वासाला किती तिखट आहे हेही बघावं लागतं. व्हॅनिलिन हवेत अगदी नगण्य असलं तरी नाक ते पकडतं. म्हणून तर ते संथ उडूनही दिवसभर जाणवतं. तेवढंच संथ उडणारा पण नाकाला फिका लागणारा पदार्थ असेल तर तो बाटलीत असून नसल्यासारखा.

## मग व्हॅनिला दुकानात का आलं नाही?

होतं की. पहिल्या सेकंदापासून होतं. पण माझ्या मनगटावरच्या हवेत त्या वेळी अल्कोहोल आणि संत्र्याच्या रेणूंची एवढी गर्दी होती की त्यात व्हॅनिलाचा आवाज ऐकू येणं शक्यच नव्हतं. घरासमोरून डीजेवाली वरात जात असताना आत देवघरात आजी हरिपाठ म्हणतेय, असं धरा. आजी वरात गेल्यावर सुरू करत नाही, ती आधीपासूनच म्हणत असते, वरात कोपऱ्यावरून वळली की ऐकू येते इतकंच.

त्यात अल्कोहोल भर घालतं. एका फवाऱ्यात साधारण ०.१ मिली द्रव पडतो, म्हणजे १०० मिलीच्या बाटलीत हजारेक फवारे. ओ द पार्फम म्हणजे ईडीपी असेल तर त्यात वासाचा माल साधारण १५ ते २० टक्के, बाकी मुख्यतः अल्कोहोल. ते कातडीवर पडताच भसाभस उडतं, म्हणून थंड लागतं, आणि जाता जाता हलक्या पदार्थांचा एक झोत एकदम नाकाकडे ढकलतं. पहिले पंधरा-वीस सेकंद जो झणका बसतो तो बराचसा अल्कोहोलचाच, त्या वेळी नाक जवळ नेऊ नये, काही कळत तर नाहीच वर नाक चुरचुरतं.

आता हिशोब करा. सकाळी नऊला लावलेलं परफ्यूम संध्याकाळी सातपर्यंत अंगावर आहे, दहा तास. टॉप नोट पंधरा मिनिटं. म्हणजे सहाशे मिनिटांपैकी पंधरा, अडीच टक्के. मी त्या अडीच टक्क्यांवर भाळून २८०० रुपये मोजले आणि उरलेले साडेसत्याण्णव टक्के घरी येऊन आईकडून कळले. बनवणाऱ्यांनाही हे माहीत असतं की काउंटरवर निर्णय मिनिटभरात होतो, त्यामुळे ती सुरुवात चकचकीत करण्यावर मेहनत घेतली जाते, माझं तर मत आहे की मॉलमधल्या पुष्कळ परफ्यूम्सची पहिली दहा मिनिटं ही त्यांची सगळ्यात चांगली दहा मिनिटं असतात.

## म्हणजे टॉप नोट हा फसवण्यासाठीच घातलेला असतो?

नाही, एवढंही नाही. टॉप नोट काढून टाकला तर परफ्यूम फवारल्याबरोबर जड, चिकट, बंद खोलीसारखं वाटतं. पोहे खाली उतरवल्यावर वरून लिंबू पिळतो तसं आहे ते, लिंबाने पोट भरत नाही पण नसलं तर पहिला घास घशात बसतो. फसवणूक होते ती आपण लिंबाची चव घेऊन पोह्यांची पारख करतो म्हणून.

शिवाय सगळी परफ्यूम्स एवढी रंग बदलत नाहीत. काही मुद्दामच सरळसोट बनवलेली असतात, सुरुवात आणि शेवट जवळपास एक. वुडी किंवा मस्कवाली बरीच अशी सापडतात. जितका ताजा, लिंबू-संत्र्याचा, फळांचा स्फोट जोरात तितका नंतरचा बदल मोठा, हे मात्र धरून चालायला हरकत नाही.

## मी पुन्हा केलेली टेस्ट, घड्याळ लावून

बाटली तर घेऊन बसलो होतो, म्हणून एका रविवारी घरीच तिची नोंद काढली. डाव्या हाताच्या आतल्या बाजूला, कोपर आणि मनगट यांच्या मध्ये, वीतभर अंतरावरून एक फवारा. दुसरा फवारा कागदाच्या पट्टीवर, पट्टीवर पेनने वेळ लिहिली. वेळ सकाळचे १०:०५, कूलर सुरू, बाहेर ऊन तापायला लागलेलं.

१०:०६ ला संत्रं आणि मागे किंचित मिरीसारखं काहीतरी, हेच ते दुकानातलं. १०:१८ ला संत्रं अजून होतं पण रस काढून झालेल्या चोथ्यासारखं, आणि लॅव्हेंडर वर आलेलं. १०:४५ ला संत्रं संपलं. आता साबणासारखं स्वच्छ लॅव्हेंडर आणि खाली पांढऱ्या फुलांचा गोडवा, आणि हा टप्पा मला मनापासून आवडला, दुकानात हा मी पाहिलाच नव्हता कारण तेव्हा मी बिल करत होतो. सव्वाबाराला लॅव्हेंडर विरळ आणि व्हॅनिला स्पष्ट. दीड वाजता कस्टर्ड. संध्याकाळी पाचला हात नाकाला टेकवला तर गोडसर, उबदार, दमलेला वास, हातभर अंतरावरच्या माणसाला काही नाही.

गंमत पट्टीची झाली. हातावर कस्टर्ड सुरू झालं होतं तेव्हा पट्टीवर अजून लॅव्हेंडर ठणठणीत होतं. ती हाताच्या निदान दोन-तीन तास मागे चालत होती. कारण साधं आहे, हाताची कातडी ३२-३४ डिग्रीच्या आसपास असते, वर मे महिना, घाम. कूलरजवळची पट्टी त्यापेक्षा गार. तापमान दहा डिग्रीने वाढलं की संत्र्याच्या तेलासारखे पदार्थ उडण्याचा जोर जवळपास दुप्पट होतो. म्हणून दुकानातल्या २४ डिग्रीच्या एसीत पट्टी हुंगून घेतलेला निर्णय आणि वर्धा रोडवर दुपारी सिग्नलला उभं असतानाचा वास यांचा एकमेकांशी फार संबंध राहत नाही. नागपूरच्या उन्हाळ्यात टॉप नोट सिग्नल सुटायच्या आत गेलेला असतो, थोडं वाढवून सांगतोय, पण थोडंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टीवर शुद्ध व्हॅनिला, तिसऱ्या दिवशीही. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

## "माझं तर दोन तासांत पूर्ण उडून जातं"

ही तक्रार सगळ्यात जास्त ऐकायला मिळते आणि अर्ध्या वेळा परफ्यूम उडालेलं नसतं, नाक सरावलेलं असतं. एकच वास सतत येत राहिला की नाक त्याची दखल घेणं सोडून देतं. भंडाऱ्याकडच्या राइस मिलजवळ राहणाऱ्याला कोंड्याचा वास येत नाही आणि पाहुण्याला गाडीतून उतरताच येतो, तसंच. परफ्यूम छातीवर-गळ्यावर मारलं की ते चोवीस तास नाकाखालीच, मग आपल्याला कळणं बंद होतं आणि आपण वरून आणखी चार फवारे मारतो, आणि लिफ्टमधल्या लोकांच्या डोळ्यांत पाणी.

त्यात बेस नोटमध्ये मस्क म्हणजे कस्तुरीसारख्या वासाचे पदार्थ असतात, ते रेणू मोठे, आणि काही लोकांना विशिष्ट मस्कचा वास जन्मतःच येत नाही, बाकी सगळे वास व्यवस्थित येतात पण तो एक नाही. त्यामुळे टिकलं की नाही हे स्वतः ठरवू नये. बाहेर दहा मिनिटं मोकळ्या हवेत फिरून या, मग बाही हुंगा, किंवा घरात नुकत्याच आलेल्या कोणाला तरी विचारा. माझ्या बाबतीत आईने न विचारताच सांगितलं.

दुकानात वाटीत कॉफीच्या बिया ठेवतात ना, नाक ताजं करायला म्हणून, त्याचाही फार उपयोग नाही. २०११ मध्ये अमेरिकेत एका प्रयोगात लोकांना मध्ये मध्ये कॉफी, लिंबू किंवा नुसती हवा हुंगायला देऊन पाहिलं तर कॉफीवाले साध्या हवेवाल्यांपेक्षा सरस निघाले नाहीत. दुकानाच्या दाराबाहेर उभं राहून चार श्वास घेतले तरी तेच काम होतं, आणि कॉफी हा आणखी एक वास डोक्यात भरत नाही.

## "ईडीपी घेतलं की हा प्रश्नच नाही"

ईडीपीत माल जास्त असतो, त्यामुळे एकूण मुक्काम सहसा वाढतो, पण क्रम बदलत नाही. संत्रं आधीच जाणार, व्हॅनिला शेवटी राहणार. किंबहुना जास्त टिकणारं म्हणजे जास्त बेस नोट टिकणारा, म्हणजे मला कस्टर्ड आणखी तीन तास जास्त! आणि एकाच नावाचं ईडीटी, म्हणजे कमी मालाचं ओ द तॉयलेत, आणि ईडीपी म्हणजे एकाच सरबतात पाणी कमी-जास्त असंही नसतं, पुष्कळदा दोघांची कृतीच वेगळी असते. एकाची टेस्ट करून दुसरं घेऊ नका.

मनगटावर मनगट घासलं की रेणू तुटतात असंही सांगतात. रेणू असे घासून तुटत नाहीत, मात्र घासल्याने ऊब येते आणि द्रव पसरतो, त्यामुळे टॉप नोट आणखी लवकर जातो. न घासलेलं बरं.

## आणि मोमिनपुऱ्यातलं अत्तर?

तिथे खेळ थोडा वेगळा आहे. पारंपरिक अत्तरात अल्कोहोल नसतं, कन्नौजच्या देग-भपक्यात फुलांची वाफ थेट चंदनाच्या तेलात उतरवतात. म्हणजे सुरुवातीला झोत मारून ढकलणारं कोणी नाही, आणि हलक्या रेणूंना धरून ठेवायला चंदन बसलेलं आहे. म्हणून गुलाबाचं किंवा केवड्याचं चांगलं अत्तर बाटलीत जसं वाटतं त्याच्या बरंच जवळ तासाभरानेही असतं, पहिल्या वासावर विश्वास ठेवायला तिथे जास्त जागा आहे. आता चंदनाचं तेल महाग, त्यामुळे स्वस्त अत्तरात खाली दुसरंच काहीतरी वास नसलेलं तेल असतं आणि वासही सरळ परफ्यूमचाच घट्ट काढा असतो, त्याला मात्र वरचे सगळे नियम लागू.

## दुकानदार थांबू देत नाही, मग करायचं काय

तुम्ही तिथे थांबायचंच नाही. दोनच परफ्यूम निवडा, दोन्ही हातांवर एक एक, नाव आणि वेळ मोबाइलमध्ये टाका आणि दुकानातून बाहेर पडा. बर्डीवर गेलाच आहात तर वेळ घालवायला काही कमी नाही. दुपारी जाऊन लावा, संध्याकाळी घरी जेवताना काय उरलं ते बघा, आवडलं तर दुसऱ्या दिवशी जा. सेल उद्या संपतोय म्हणतील, तो पुढच्या आठवड्यातही असतो.

घाईच असेल तर एक युक्ती आहे, मला आता हीच सगळ्यात कामाची वाटते. काउंटरवर विचारायचं, "सुबह की कोई पट्टी पडी है क्या इसकी?" बहुतेक वेळा असते, कचऱ्याच्या डब्यात किंवा टेस्टरच्या खाली, कोणी तरी हुंगून टाकलेली. ती पट्टी म्हणजे तुमच्या चार-सहा तासांनंतरचं भविष्य. ती नसेल तर टेस्टरच्या बाटलीचं तोंड हुंगा, फवारा न मारता. तिथे कालपरवाचे थेंब वाळून बसलेले असतात, हलकं सगळं उडून गेलेलं आणि बेस तेवढा मागे राहिलेला. मी त्या दिवशी हे केलं असतं तर उभ्या उभ्या व्हॅनिला कळलं असतं. (डुप्लिकेट ओळखायचा हा मार्ग नव्हे हां, त्यासाठी वेगळं बघावं लागतं.)

ऑनलाइन घेत असाल तर १०० मिलीच्या आधी २ किंवा ५ मिलीची छोटी कुपी मागवा, तिला डिकँट म्हणतात, ५ मिलीत पन्नासेक फवारे येतात, आठवडाभर वापरून मत बनवता येतं. आणि नोट्सची यादी वाचताना खालून वर वाचा. सगळ्यात खाली जे लिहिलंय ते तुम्हाला दिवसभर सोबत हवंय का, एवढंच आधी ठरवा. यादीत प्रमाण दिलेलं नसतं, आणि "संत्रं" लिहिलंय म्हणून आत संत्र्याचंच तेल असेल असंही नाही, तसा भास देणारे चार पदार्थही असू शकतात. पण व्हॅनिला, अंबर, टोंका असे तिन्ही गोड शब्द तळाला एकत्र दिसले की मी आता सावध होतो.

माझी ती बाटली अजून आहे, निम्म्याहून जास्त भरलेली. उन्हाळाभर कपाटात पडून होती. डिसेंबरात पहाटे पारा दहा-बाराच्या आसपास उतरला तेव्हा सहज स्वेटर घालायच्या आधी एक फवारा मारला, हात गार, हवा गार, आणि ते लॅव्हेंडर, जे मेमध्ये सव्वाबारालाच विरळ झालं होतं, ते मी ऑफिसात डबा उघडेपर्यंत अंगावर होतं. व्हॅनिला आलंच शेवटी, पण चार वाजता, आणि चहाच्या वेळेला थंडीत ते तितकंसं वाईट वाटलं नाही.